कचरा पुरला म्हणजे विषय संपला? लँडफिलच्या पोटात नेमकं काय चालतं

२४ मार्च १९८६. इंग्लंडमधल्या डर्बीशायर भागातलं लॉस्को नावाचं गाव. सकाळचे साडेसहा वाजलेत आणि अचानक एक बंगला स्फोटात जमीनदोस्त होतो. आतली तीन माणसं गंभीर जखमी होतात, पण वाचतात.

पहिली शंका अर्थातच घरातल्या गॅसवर गेली. पण स्फोट घडवणारा गॅस बाहेरून, जमिनीखालून आला होता. जवळच विटांसाठी माती काढून झालेली एक जुनी खाण होती. त्या खड्ड्यात काही वर्षं कचरा टाकला गेला आणि १९८२ मध्ये तिथलं कचरा टाकणं थांबलं. वर माती पडली. लोकांच्या दृष्टीने विषय संपला.

कचऱ्याच्या दृष्टीने मात्र तो संपलेला नव्हता. खाली तयार होणारा मिथेन वर जायला मोकळी वाट नाही म्हणून आडवा निघाला, खडकातल्या भेगांमधून सरकत घराच्या खाली जाऊन साठला. त्या रात्री हवेचा दाब सुमारे सात तासांत २९ मिलिबारने घसरला. वरचा दाब कमी झाला की जमिनीत अडकलेला गॅस बाहेर ओढला जातो. इथेही तेच झालं. घरात गॅस भरला, ठिणगी मिळाली आणि पुढचं तुम्ही वाचलंच.

लॉस्कोची गोष्ट आधी सांगायचं कारण एवढंच, की 'कचऱ्यावर माती टाकली, गवत लावलं, झालं' हा आपलाही समज आहे. मुंबई-पुण्याच्या डंपिंग ग्राउंडच्या बातम्या आल्या की कमेंटमध्ये हमखास कुणीतरी विचारतं, "झाकून का टाकत नाहीत?" झाकता येतं. पण नुसतं झाकलं तर काय होतं, आणि नीट करायचं असेल तर काय काय लागतं, हे समजून घेऊया.

डंपिंग ग्राउंड आणि सॅनिटरी लँडफिल एकच का?

नाही. बातम्यांमध्ये दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण फरक मोठा आहे.

डंपिंग ग्राउंड म्हणजे मोकळी जागा, बहुतेक वेळा पाणथळ, खाडीकाठची किंवा गावाबाहेरची. तिथे गाड्या येतात, कचरा ओततात, जातात. खाली आहे ती जमीन, वर मोकळं आभाळ. मुंबईचं देवनार १९२७ पासून असंच चालत आलं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहाच्या फोटोतही दिसला होता.

सॅनिटरी लँडफिल, म्हणजे शास्त्रोक्त भरावभूमी, हे मुळात बांधकाम आहे. कचऱ्याची पहिली गाडी येण्याआधी खाली थर घातलेले असतात, पाणी काढायची व्यवस्था असते. रोज आलेला कचरा दाबून त्यावर संध्याकाळी मातीचा पातळ थर देतात. भरत आला की गॅस काढायच्या विहिरी आणि शेवटी वरचं झाकण. थोडक्यात, वरून खाली जाणाऱ्या पाण्याचा आणि खालून वर येणाऱ्या गॅसचा बंदोबस्त असलेली जागा.

हे पाणी आणि हा गॅस येतो कुठून?

ढिगाच्या पोटात काय होतं?

आपल्या घरातला कचरा आठवा. भाज्यांची देठं, उरलेला भात, चहाचा चोथा, आंब्याच्या कोयी. भारतातल्या शहरी कचऱ्यात असल्या ओल्या कचऱ्याचा वाटा मोठा असतो. हे सगळं ढिगात गेलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात.

सुरुवातीचे काही दिवस कचऱ्याच्या फटींमध्ये हवा असते. तोपर्यंत हवेवर जगणारे जिवाणू काम करतात, ढीग गरम होतो. वरून आणखी कचरा पडतो, बुलडोझर दाबतो, आतला ऑक्सिजन संपतो. आता हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. ते आधी कचऱ्याचं आम्ल बनवतात. डब्यात राहिलेली भाजी आंबते ना, साधारण तसंच. हा आम्लाचा टप्पा काही महिने चालतो, कधी त्याहून जास्त.

मग हळूहळू तिसऱ्या प्रकारचे जिवाणू जोर धरतात. ते हे आम्ल खातात आणि मिथेन सोडतात. गावाकडच्या गोबरगॅसच्या टाकीत हेच होतं. फरक इतकाच, की गोबरगॅसला टाकी असते, झाकण असतं आणि नळी असते. डंपिंग ग्राउंडला यातलं काहीच नसतं.

इथून पुढे ढिगातून निघणाऱ्या गॅसमध्ये साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. वास येतो तो यांचा नाही. या दोघांना वास नसतो. नाक दाबायला लावतात ते थोड्या प्रमाणात सोबत असलेले हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू. म्हणून 'वास येत नाही म्हणजे गॅस नाही' हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

मिथेनचा धोका दोन प्रकारचा. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं तर ठिणगीने स्फोट होतो. आणि वातावरणात गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २७ ते ३० पट उष्णता धरून ठेवतो.

लीचेट म्हणजे काय आणि ते इतकं वाईट का?

कचऱ्याच्या गाडीखालून रस्त्यावर टपकणारं काळपट, उग्र वासाचं पाणी तुम्ही पाहिलं असेल. तेच लीचेट. ढिगात त्यात पावसाचं पाणी मिसळतं आणि खाली जाता जाता ते कचऱ्यातलं जे जे विरघळेल ते सोबत घेतं.

किती पाणी? एक ढोबळ हिशोब करू. मुंबईत पावसाळ्यात साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरा. एका हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरांवर, एवढा पाऊस म्हणजे २ कोटी २० लाख लिटर पाणी. १० हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर २,२०० टँकर. यातलं काही वाहून जाईल, काही वाफ होऊन जाईल. पण ढीग उघडा असेल तर निम्मं आत मुरलं तरी हजारावर टँकर होतात. तेही एका हेक्टरमधून, एका पावसाळ्यात. म्हणून आपल्याकडे रोजचा मातीचा थर आणि पावसाळ्याआधीचं जाड आवरण ही कामं महत्त्वाची. जेवढं पाणी आत जाणार नाही तेवढं लीचेट बाहेर काढावं लागणार नाही.

लीचेटचा स्वभाव ढिगाच्या वयाप्रमाणे बदलतो. कोवळ्या ढिगाचं, आम्लाच्या टप्प्यातलं लीचेट भयंकर असतं. त्यातली सेंद्रिय घाण साध्या सांडपाण्याच्या कितीतरी पट जास्त असते. मिथेनचा टप्पा सुरू झाला की जिवाणू हे आम्ल खाऊन टाकतात आणि ही घाण बरीच उतरते. पाहणाऱ्याला वाटतं, सुधारलं.

पण एक गोष्ट उतरत नाही. अमोनिया. कचऱ्यातली प्रथिनं कुजून अमोनिया होतो आणि हवा नसलेल्या ढिगात त्याला संपवणारं कोणी नसतं. म्हणून बंद होऊन २०-३० वर्षं झालेल्या लँडफिलच्या लीचेटमध्येही तो भरपूर सापडतो. हे पाणी ओढ्यात गेलं तर मासे मरतात, विहिरीत उतरलं तर ती पिण्यालायक राहत नाही. पुण्याजवळच्या उरुळी देवाचीच्या लोकांनी कचरा डेपोविरोधात वर्षानुवर्षं आंदोलन केलं, त्यात विहिरींचं पाणी खराब झाल्याची तक्रार कायम होती.

लायनर कसा काम करतो? प्लास्टिक पुरेसं नाही का?

लीचेट जमिनीत जाऊ नये म्हणून तळाशी घालतात तो लायनर. भारतात २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलेला लायनर दोन थरांचा होता. खाली ९० सेंटीमीटर जाडीची चिकण माती किंवा तशीच पाणी न झिरपणारी केलेली माती, नीट दाबलेली. आणि तिच्यावर अंगाला अंग लावून १.५ मिलिमीटर जाडीची एचडीपीई प्लास्टिकची शीट.

वाचल्यावर वाटतं, प्लास्टिक आहे तर तीन फूट मातीचा खर्च कशाला? किंवा उलट, एवढी माती आहे तर प्लास्टिक कशाला? उत्तर आकड्यांत आहे आणि ते जरा धक्कादायक आहे.

आधी नुसती माती घ्या. तिच्यावर ३० सेंटीमीटर लीचेट उभं आहे. नियमात बसणारी माती असली तरी ती पाणी पूर्ण अडवत नाही, फक्त खूप हळू सोडते. हिशोब केला तर एका हेक्टरमधून दिवसाला अंदाजे १,१०० लिटर लीचेट खाली जातं. वर्षाचे झाले चार लाख लिटर.

आता नुसतं प्लास्टिक घ्या. शीट स्वतः जवळपास काहीच सोडत नाही. पण शीटला भोकं पडतात. साइटवर काम करताना एखादा दगड घुसतो, जोड नीट लागत नाही. समजा एक चौरस सेंटीमीटरचं, म्हणजे नखाएवढं, एकच भोक आहे आणि खाली मुरमाड जमीन आहे. वर ३० सेंटीमीटर पाणी कायम असेल तर त्या एका भोकातून दिवसाला १२ हजार लिटरहून जास्त पाणी जाऊ शकतं. एक आख्खा टँकर.

आणि आता दोन्ही एकत्र. तेच नखाएवढं भोक, पण शीटच्या खाली चिकण माती घट्ट चिकटलेली. भोकातून आलेल्या पाण्याला पुढे जायला जागाच नाही. भोकाच्या आसपासचा छोटासा मातीचा भाग जेवढं शोषेल तेवढंच. अशा वेळी गळती दिवसाला अंदाजे अर्धा लिटर.

टँकरवरून थेट अर्ध्या लिटरवर. प्लास्टिक पाण्याला भोकाशी अडवतं आणि माती भोकाला बुजवते. मात्र दोघं खरोखर चिकटलेले हवेत. मातीवर खडे राहिले किंवा उन्हात शीट फुगून तिला सुरकुत्या पडल्या, तर मध्ये पोकळी राहते, पाणी त्या पोकळीतून पसरतं आणि सगळा फायदा जातो. म्हणून अनुभवी माणसं शीट मातीवर सपाट बसली आहे का ते आधी पाहतात.

शीटचे रोल साइटवर आणून गरम यंत्राने जोडतात. जोड दुहेरी असतो आणि मध्ये बारीक पोकळ नळी राहते. त्या नळीत हवा भरून दाब टिकतो का ते पाहतात. टिकला नाही तर जोड गळका. पण मोठं नुकसान बहुतेक वेळा जोडणीनंतर होतं, शीटवर खडी पसरताना. डंपर किंवा जेसीबीचा एक चुकीचा फेरा पुरतो. म्हणून मध्ये जाड कापडासारखा जिओटेक्स्टाइलचा थर टाकतात आणि खडी पसरल्यावर विजेच्या प्रवाहाने भोकं शोधायची चाचणी करतात. एकदा वर कचरा पडला की दुरुस्ती जवळपास अशक्य.

मग तळाशी साचलेल्या पाण्याचं काय?

वरच्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरली होती. लायनरवर पाणी फक्त ३० सेंटीमीटर उभं आहे. हा आकडा महत्त्वाचा आहे. पाण्याची उंची ३ मीटर झाली तर प्रत्येक भोकातली गळती साधारण आठ पट होते. त्यामुळे लायनर चांगला घातला आणि वर पाणी साचू दिलं तर अर्धं काम वाया.

म्हणून शीटच्या वर खडीचा थर आणि त्यात भोकं असलेले पाइप टाकतात. तळाला उतार देतात. लीचेट उताराने एका खड्ड्यात येतं, तिथून पंप ते शुद्धीकरण प्रकल्पात पाठवतो. तिथे आधी जिवाणूंकडून घाण आणि अमोनिया कमी करून घेतात आणि गरज असेल तर शेवटी आरओ. घरच्या आरओसारखाच, पण त्यातून उरणारं खारट पाणी नाल्यात सोडता येत नाही, त्याचीही सोय करावी लागते.

हे पाइप तुंबतात. कोवळ्या लीचेटमधला चुना आणि जिवाणूंचा चिकट थर मिळून खडीच्या फटी बुजवतात, घरच्या गिझरमध्ये क्षार साचतात तसं. पाणी मग खाली निघण्याऐवजी ढिगात वर चढतं. हे बाहेरून ओळखता येतं. ढिगाच्या बाजूच्या उतारावर मध्येच ओले, काळे डाग दिसू लागले किंवा काळं पाणी झिरपू लागलं, तर समजायचं की तळाचा निचरा नीट चालत नाही.

गॅस कसा काढतात?

आता वरची बाजू. कचऱ्यात यंत्राने उभे खोल खड्डे घेतात, साधारण दोन-तीन फूट रुंद. ते तळापर्यंत नेत नाहीत, कारण लायनर फुटेल. कचऱ्याच्या खोलीच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास थांबतात. खड्ड्यात भोकं असलेला पाइप उभा करतात, भोवती खडी भरतात आणि वरच्या टोकाला बेंटोनाइट नावाची पाणी शोषून फुगणारी माती घालून बूच मारतात. ही झाली गॅसची विहीर.

अशा बऱ्याच विहिरी एका मोठ्या पाइपला जोडतात आणि टोकाला ब्लोअर लावतात. ब्लोअर हलक्या दाबाने गॅस ओढतो. हा गॅस गरम आणि ओलसर असतो. पाइपमध्ये थंड झाला की त्याचं पाणी होतं, म्हणून पाइपला उतार आणि जागोजागी पाणी काढायची सोय. शेवटी गॅस इंजिनमध्ये जाळून वीज करतात किंवा ते जमत नसेल तर बंदिस्त चिमणीत जाळून टाकतात. नुसता जाळण्यातही फायदा आहे. मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हवामानाचं नुकसान बरंच घटतं.

किती गॅस मिळतो? मिश्र ओल्या कचऱ्याच्या एका टनातून सगळा काळ मिळून ढोबळमानाने ५० ते १०० घनमीटर मिथेन निघू शकतो. ५० घनमीटर धरले तरी उष्णतेच्या हिशोबात ते घरच्या अडीच-पावणेतीन एलपीजी सिलिंडरएवढे होतात. ऐकायला छान आहे, पण त्यातला किती हाती लागेल हे वेळेवर अवलंबून असतं. त्याकडे पुढे येऊ.

या यंत्रणेतलं कौशल्याचं काम आहे वाल्व्ह फिरवण्याचं. प्रत्येक विहिरीवर एक वाल्व्ह असतो. फार कमी ओढलं तर गॅस दुसऱ्या वाटेने निसटतो. फार जास्त ओढलं तर वरच्या मातीतून बाहेरची हवा ढिगात खेचली जाते. हवा आत गेली की मिथेन बनवणारे जिवाणू मरतात, हवेवर जगणारे परत येतात, ढीग तापतो आणि जमिनीखाली आग लागू शकते. अशी आग महिनोन्महिने धुमसते.

म्हणून माणूस ठरावीक दिवसांनी प्रत्येक विहिरीवर जाऊन मिथेन, ऑक्सिजन आणि तापमान मोजतो. मिथेन ५० टक्क्यांच्या आसपास आणि ऑक्सिजन जवळजवळ शून्य, म्हणजे बरोबर. ऑक्सिजन वाढतोय, तापमान ५५ अंशांच्या वर चाललंय, म्हणजे वाल्व्ह आवळायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड वाढला आणि वरची जमीन एका जागी अचानक खचली, तर खाली आग लागली असण्याची शक्यता मोठी.

पाणी आणि गॅस: दोन प्रश्न नाहीत, एकच

आतापर्यंत आपण पाणी वेगळं आणि गॅस वेगळा पाहिला. प्रत्यक्षात ढिगात ते एकमेकांच्या वाटेत येतात.

तळाचा निचरा तुंबला आणि लीचेट वर चढलं की ते गॅसच्या विहिरीत शिरतं. पाइपची भोकं पाण्याखाली जातात. ब्लोअर वर कितीही ओढो, बुडालेल्या भागातून गॅस येत नाही. आपल्यासारख्या जास्त पावसाच्या, ओल्या कचऱ्याच्या ठिकाणी हा नेहमीचा दुखणेकरी भाग. अशा विहिरींमध्ये पंप उतरवून आधी पाणी काढावं लागतं.

दुसऱ्या बाजूने, वर प्लास्टिकचं झाकण घातलं आणि गॅस काढला नाही, तर झाकण खालून फुगतं. त्यावरची माती सरकते. आणि गॅसला वर वाट नाही म्हणून तो आडवा निघतो. लॉस्कोला निघाला तसा.

म्हणजे पाणी काढलं नाही तर गॅस निघत नाही, आणि गॅस काढला नाही तर झाकण टिकत नाही. 'झाकून का टाकत नाहीत' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

गोराईत काय झालं?

मुंबईतल्या बोरिवलीजवळचं गोराई डंपिंग ग्राउंड हे आपल्याकडचं चांगलं उदाहरण. १९७२ पासून खाडीकाठच्या सुमारे २० हेक्टर जागेत कचरा पडत गेला. ढीग २६ मीटरपर्यंत चढला, म्हणजे आठ मजली इमारतीएवढा. खाली लायनर नाही. २००७ मध्ये तिथे कचरा टाकणं बंद झालं तेव्हा २३ लाख टनांहून जास्त कचरा साठला होता.

इतका कचरा उचलून खाली लायनर घालणं शक्य नव्हतं. मग वरून जे करता येईल ते केलं. ढिगाचे उभे उतार कमी करून त्याला आकार दिला, वर प्लास्टिकचं आवरण आणि माती घालून गवत लावलं, गॅसच्या विहिरी घेतल्या आणि गॅस जाळायची सोय केली. मिथेन जाळल्याने मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटच्या भरवशावर आशियाई विकास बँकेने महापालिकेला आगाऊ पैसेही दिले. त्या काळी देशात या कामाची बरीच चर्चा झाली.

वास, धूर, पक्षी, उघडा कचरा यांपासून आजूबाजूच्या लोकांची सुटका झाली, हा खरा फायदा. पण गॅस अपेक्षेपेक्षा कमी मिळाला. असं का होतं हे समजलं, तर वेळेचा मघाचा मुद्दा स्पष्ट होतो.

उष्ण आणि ओल्या हवामानात अन्नाचा कचरा फार वेगाने कुजतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, आयपीसीसीच्या, हिशोबपद्धतीत अशा ठिकाणच्या अन्नकचऱ्याचा कुजण्याचा वेग इतका धरलाय की दर पावणेदोन वर्षांनी उरलेला माल निम्मा होतो. म्हणजे आज पडलेल्या अन्नातली गॅस देण्याची ताकद पाच वर्षांनी जेमतेम १३ टक्के उरते. लाकूड, कागद हळू कुजतात, पण आपल्या कचऱ्यात मोठा वाटा अन्नाचा.

आता विचार करा. ढीग ३५ वर्षं उघडा राहिला आणि विहिरी शेवटी घेतल्या, तर जुन्या अन्नकचऱ्याचा जवळजवळ सगळा मिथेन आधीच हवेत गेलेला असणार. थंड देशांत कचरा कोरडा, कुजणं संथ, म्हणून तिथे बंद केल्यावरही वर्षानुवर्षं गॅस मिळत राहतो. तिथले आकडे इथे लावले की अंदाज फुगतो. आपल्याकडे गॅस पकडायचा असेल तर ढीग वाढत असतानाच, भरलेल्या भागात लगेच विहिरी घ्याव्या लागतात.

आणि झाकण वरून कितीही चांगलं असलं तरी खाली लायनर नसेल तर आत आधीच असलेलं लीचेट खाली जातच राहतं. झाकणामुळे नवीन पाणी थांबतं, जुनं नाही. अशा जुन्या जागांवर कडेने खोल भिंत घालून पाणी बाहेर जाणं कमी करता येतं, पण तो उपाय आहे, लायनरला पर्याय नाही.

बंद केल्यावर किती वर्षं लक्ष ठेवायचं?

२०१६ च्या नियमांत बंद झालेल्या लँडफिलची देखभाल किमान १५ वर्षं करायला सांगितलं होतं. लीचेट काढत राहायचं, गॅस मोजत राहायचा, खचलेलं झाकण दुरुस्त करायचं, आसपासचं भूजल तपासायचं. अमोनियाचा हिशोब आठवा, म्हणजे 'किमान' या शब्दाचं वजन कळेल.

भूजल तपासताना एकाच विहिरीचं पाणी पाहून काही कळत नाही. जमिनीखालचं पाणी ज्या बाजूने येतं तिथली एक विहीर आणि ज्या बाजूला जातं तिथल्या दोन-तीन, अशी तुलना लागते. खालच्या बाजूला क्लोराइड आणि अमोनिया वाढत चाललेत आणि वरच्या बाजूला नाहीत, तर गळतीचा संशय पक्का. क्लोराइड पाहायचं कारण, ते मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर पुढे धावतं. म्हणून गळतीची पहिली बातमी बहुतेक वेळा तेच आणतं. खाडीकाठी मात्र समुद्राच्या मिठाचंही क्लोराइड असतं, तिथे अमोनियावर जास्त भर द्यावा लागतो.

तुम्ही अशा जागेजवळ राहत असाल तर काही खुणा लक्षात ठेवा. बंद ढिगावर हिरवळीत मध्येच गवत वाळलेले गोल पट्टे दिसले, तर खालून गॅस येऊन मुळांजवळची हवा हुसकावत असू शकतो. पावसानंतर डबक्यात पाणी न उकळताही बुडबुडे येत असतील, तर तेच. आणि ढिगाच्या जवळच्या तळघरात, पाण्याच्या बंद टाकीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये गॅस साठू शकतो. अशा ठिकाणी झाकण उघडून काडी लावून 'बघणं' हा वेडेपणा आहे. मोजायला मीटर असतात, त्यासाठी महापालिका किंवा अग्निशमन दलाला बोलवा.

पुढच्या वेळी तुमच्या शहरात नव्या 'शास्त्रोक्त' लँडफिलची घोषणा झाली तर तीन प्रश्न विचारून पाहा. लायनरवर लीचेट किती सेंटीमीटर उभं आहे, हे कोण आणि किती दिवसांनी मोजतं? गॅसच्या विहिरी कधी घेणार, भरताना की भरल्यावर? आणि बंद झाल्यानंतरच्या १५ वर्षांच्या देखभालीचे पैसे आज कुठे ठेवलेत? उत्तरं आकड्यांत मिळाली तर ते लँडफिल. नाही मिळाली, तर नाव काहीही असो, ते डंपिंग ग्राउंडच.